महिन्यातल्या कुठल्याही तारखेवरून पहिला सोमवार (किंवा दुसरा शनिवार, तिसरा सोमवार) कसा काढायचा

प्रश्न: माझ्या एक्सेल शीटमध्ये A2 ला महिन्यातली कुठलीही तारीख येते, कधी ३ तर कधी २७. त्यावरून त्या महिन्याचा पहिला सोमवार हवाय, लोकशाही दिनाच्या यादीसाठी, आणि तालुक्याच्या यादीत तिसरा सोमवार. एक फॉर्म्युला मिळालेला, `=DATE(YEAR(A2),MONTH(A2),1)+8-WEEKDAY(DATE(YEAR(A2),MONTH(A2),1),2)`, तो सगळीकडे बरोबर येतो पण जून २०२६ ला ८ तारीख दाखवतो. काय चुकतंय?

उत्तर:

ताई, आधी चालणारा फॉर्म्युला देतो, मग तुमचा कुठे घसरतो ते बघू. दोन कॉलम करा, एकाच ओळीत सगळं कोंबलं की नंतर दुरुस्त करताना आपल्यालाच कळत नाही. B2 मध्ये मागच्या महिन्याची शेवटची तारीख आणि C2 मध्ये पहिला सोमवार:

```
B2:  =INT(A2)-DAY(A2)
C2:  =B2+7-WEEKDAY(B2,3)
```

तिसरा सोमवार हवा तर `+7` च्या जागी `+21` करा, दुसऱ्याला `+14`. बाकी काही बदलायचं नाही. गूगल शीट्समध्येही हेच चालतं.

आता हे का चालतं. महिन्याच्या पहिल्या सात तारखांत प्रत्येक वार बरोब्बर एकदा येतो, म्हणजे पहिला सोमवार कायम १ ते ७ मध्येच असणार, दुसरा ८ ते १४, तिसरा १५ ते २१, चौथा २२ ते २८. महिना कुठलाही असो, लीप वर्ष असो नसो, याला अपवाद नाही. मग पहिला सोमवार शोधायचा म्हणजे काय, तर ७ तारखेवर उभं राहायचं आणि सोमवार लागेपर्यंत मागे यायचं. ७ तारीखच सोमवार असेल तर शून्य दिवस मागे, मंगळवार असेल तर एक, आणि रविवार असेल तर सहा. सहाच्या पुढे मागे जावंच लागत नाही, म्हणून १ तारखेच्या खाली कधी घसरत नाही.

`WEEKDAY(…,3)` हा जो ३ आहे ना, तो नेमकी हीच मोजणी देतो, सोमवार ०, मंगळवार १, असं करत रविवार ६. म्हणजेच "सोमवार होऊन किती दिवस झाले". आणि मी वार ७ तारखेचा न बघता B2 चा बघितला कारण मागच्या महिन्याची शेवटची तारीख आणि या महिन्याची ७ यांच्यात बरोबर सात दिवस, दोघांचा वार एकच. तिथून १४, २१, २८ पण त्याच वाराला, म्हणून नुसतं सातच्या पटीत वाढवलं की काम होतं.

उदाहरण घेऊ. समजा A2 ला १८ सप्टेंबर २०२६ आहे, शुक्रवार. त्यातून १८ वजा केले की B2 ला ३१ ऑगस्ट आली. ३१ ऑगस्ट २०२६ सोमवार, म्हणजे WEEKDAY ने ० दिला. ३१ ऑगस्ट अधिक ७ म्हणजे ७ सप्टेंबर, वजा ०, उत्तर ७ सप्टेंबर. कॅलेंडर काढून बघा, १ सप्टेंबर मंगळवारी आहे आणि पहिला सोमवार ७ लाच. आता ऑक्टोबर घ्या, A2 ला कुठलीही तारीख टाका, B2 ला ३० सप्टेंबर, बुधवार, म्हणजे २. ७ ऑक्टोबर वजा २, पहिला सोमवार ५ ऑक्टोबर. तिसरा २१ वजा २ म्हणजे १९ ऑक्टोबर.

तुमचा फॉर्म्युला जून २०२६ लाच का चुकला तर १ जून २०२६ हा स्वतःच सोमवार आहे. तुमच्यातला २ प्रकारचा WEEKDAY सोमवारला १ देतो, मग १ तारीख अधिक ८ वजा १ झाली ८ तारीख. तो फॉर्म्युला खरं म्हणजे "१ तारखेनंतरचा सोमवार" शोधतोय, १ तारखेला धरून नाही. बाकी सहा वारांना दोन्हीचं उत्तर एकच येतं म्हणून चूक दडून राहते. २०२६ मध्ये सोमवारी सुरू होणारा महिना एकटा जूनच आहे, त्यामुळे बाकीचे अकरा महिने सगळं झकास वाटतं. पण २०२७ ला बघा, फेब्रुवारी, मार्च आणि नोव्हेंबर तिन्ही सोमवारी सुरू होतात, तिथे तीनदा मार बसला असता. मी स्वतः हे भोगलंय, एका ऑफिससाठी केलेल्या शीटमध्ये हाच प्रकार होता आणि सप्टेंबर २०२५ ला (तो पण सोमवारी सुरू झालेला) यादीवर ८ तारीख छापून गेली, पहिला सोमवार १ तारखेलाच उलटून गेलेला, लोक कागद घेऊन आठवडाभर उशिरा आले. तेव्हापासून मी ७ तारखेवरून मागे येण्याचीच पद्धत वापरतो, पुढे जाण्याची नाही.

याच्या उलटी चूक पण बघण्यात येते. काही जण "त्या तारखेच्या आठवड्याचा सोमवार" काढतात आणि मग तो तारखेचा आकडा सातने भागून बाकी घेतात. विचार चांगला आहे, तोंडी हिशोबाला तर तोच उत्तम. १८ सप्टेंबर शुक्रवार आहे तर त्या आठवड्याचा सोमवार १४, त्यातून सात गेले ७, बस, पहिला सोमवार ७. पण फॉर्म्युल्यात १४ ला सातने भागलं तर बाकी ० येते आणि ० सप्टेंबर म्हणजे ३१ ऑगस्ट. महिन्याच्या तारखा १ ते ७ अशा चालतात, ० ते ६ नाही, तेवढ्यावरच सगळं अडतं. शिवाय A2 ला ३ सप्टेंबर, गुरुवार असेल तर त्या आठवड्याचा सोमवार आधीच ३१ ऑगस्टला गेलेला, बाकी घेतली तर ३ तारीख येते आणि ३ तर गुरुवार, मग आणखी जोडतोड. तोंडी करताना आपण हे डोळ्याने सांभाळतो, "शून्यावर जायचं नाही, सातवरच थांबायचं" एवढं लक्षात ठेवलं की पुरे. एक्सेलला मात्र मागच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसावरूनच सुरुवात करून द्या.

तोंडी हिशोबाचा आणखी एक उपयोग म्हणजे हातातली तारीख कितवी आहे ते कळतं. १८ तारीख १५ ते २१ च्या गटात, म्हणजे १८ सप्टेंबर हा तिसरा शुक्रवार, कॅलेंडरच बघायला नको. शीटमध्ये `=ROUNDUP(DAY(A2)/7,0)`.

सोमवार सोडून दुसरा वार हवा असेल तर WEEKDAY च्या आत B2 मधून त्या वाराचा आकडा वजा करा, सोमवार ०, मंगळवार १, बुधवार २, गुरुवार ३, शुक्रवार ४, शनिवार ५, रविवार ६. बँकेचा दुसरा आणि चौथा शनिवार (१ सप्टेंबर २०१५ पासून या दोन शनिवारी बँका बंद असतात) असा निघतो:

```
दुसरा शनिवार:  =B2+14-WEEKDAY(B2-5,3)
चौथा शनिवार:  =B2+28-WEEKDAY(B2-5,3)
```

ऑक्टोबर २०२६ वर लावून बघू. B2 ला ३० सप्टेंबर, त्यातून ५ गेले २५ सप्टेंबर, तो शुक्रवार, म्हणून ४. मग १४ वजा ४ झाले १० आणि २८ वजा ४ झाले २४. दोन्ही शनिवार. पाच का वजा केले म्हणाल तर मोजणी सोमवारपासून होते, ती शनिवारपासून व्हावी म्हणून तारीखच पाच दिवस मागे सरकवली, बाकी युक्ती तीच. याच ऑक्टोबरला पाचवा शनिवारपण आहे, ३१ तारखेला, त्या दिवशी बँक चालू असते, म्हणून "चौथा" आणि "शेवटचा" एकच समजू नका. शेवटचा शनिवार काढायचा फॉर्म्युला वेगळा, तो महिन्याच्या शेवटावरून मागे येतो:

```
=EOMONTH(A2,0)-WEEKDAY(EOMONTH(A2,0)-5,3)
```

पाचव्या वाराचं असं की तो दर महिन्यात नसतो. वरच्या सोमवारच्या फॉर्म्युल्यात `+35` टाकलंत तर एक्सेल एरर देणार नाही, पुढच्या महिन्याची तारीख गुपचूप देईल. २०२६ मध्ये पाचवा सोमवार फक्त मार्च, जून, ऑगस्ट आणि नोव्हेंबरला आहे, बाकी आठ महिन्यांत उत्तर पुढच्या महिन्याचा पहिला सोमवार येतं. सप्टेंबरवर करून बघा, ३१ ऑगस्ट अधिक ३५ म्हणजे ५ ऑक्टोबर. म्हणून पाचव्याला अट हवीच:

```
=IF(MONTH(B2+35-WEEKDAY(B2,3))=MONTH(A2),B2+35-WEEKDAY(B2,3),"")
```

आता तुमच्या कामाचा खरा गुंता. लोकशाही दिन जिल्ह्याला पहिल्या सोमवारी, विभागीय आयुक्तांकडे दुसऱ्या सोमवारी आणि तालुक्याला तिसऱ्या सोमवारी असतो, पण त्या दिवशी सुट्टी आली तर पुढच्या कामाच्या दिवशी घेतात. २०२६ च्या सप्टेंबरमध्येच बघा, दुसरा सोमवार १४ तारखेला आणि त्याच दिवशी गणेश चतुर्थी. इथे काही जण सुट्टीचा सोमवार मोजतच नाहीत आणि २१ तारखेला "दुसरा" धरतात, ते चूक. आधी कितवा सोमवार ते ठरवा, सुट्टी असली तरी तो मोजायचाच, आणि मग त्या तारखेवरून पुढे सरका. सुट्ट्यांची यादी शीटच्या H2 ते H30 मध्ये ठेवलीत तर सरकवायचं काम WORKDAY करतो, शनिवार रविवार तो आपणहून सोडतो, आणि राज्य शासनाची ऑफिसं पाच दिवसांच्या आठवड्याने चालतात त्यामुळे ते जुळतं. C2 च्या जागी तुमच्या यादीतला जो सोमवार असेल तो घ्या:

```
=WORKDAY(C2-1,1,$H$2:$H$30)
```

`C2-1` का, तर WORKDAY दिलेल्या तारखेच्या पुढचा कामाचा दिवस देतो, ती तारीख स्वतः धरत नाही. म्हणून एक दिवस मागून सुरुवात केली की सोमवार कामाचा असेल तर तोच मिळतो आणि १४ सप्टेंबरसारखी सुट्टी असेल तर १५, मंगळवार. इथे `C2` नुसतं दिलं तर दर महिन्याला मंगळवारच येईल, ही चूक लगेच लक्षात तरी येते.

एक छोटी गोष्ट, अर्ज पंधरा दिवस आधी द्यायची अट असते. सोमवारच्या पंधरा दिवस आधी नेहमी रविवारच येतो (चौदा दिवस आधी सोमवार, त्याच्या आदला रविवार). ७ सप्टेंबरमधून १५ गेले २३ ऑगस्ट, रविवार. ऑफिस बंद. म्हणून यादीत शेवटची तारीख लिहिताना त्याच्या आधीचा कामाचा दिवस लिहा, लोक रविवारी येऊन परत जायला नकोत. २३ ऑगस्टच्या आधीचा शुक्रवार २१ ऑगस्ट. फॉर्म्युल्यात `=WORKDAY(C2-14,-1,$H$2:$H$30)`, हा उलटा चालतो, दोन आठवड्यांआधीच्या सोमवारवरून एक कामाचा दिवस मागे. मात्र सुट्टीमुळे दिवस पुढे सरकला तर पंधरा दिवस मूळ सोमवारपासून की सरकलेल्या दिवसापासून, हे त्या ऑफिसला विचारूनच लिहा.

फॉर्म्युला बरोबर असून उत्तर चुकतं तेव्हा दहापैकी नऊ वेळा A2 मध्येच गडबड असते. तीन गोष्टी बघा. पहिली म्हणजे तारीख खरी तारीख आहे की नुसते टाइप केलेले अक्षर. दुसऱ्या ठिकाणाहून कॉपी केलेलं असेल तर बऱ्याचदा अक्षरच असतं, सेलमध्ये ते डावीकडे चिकटलेलं दिसतं, खरी तारीख आपोआप उजवीकडे जाते. `=ISNUMBER(A2)` ने FALSE आलं तर समजायचं. यात फसवणूक अशी की एक्सेल `A2-DAY(A2)` करताना काही अक्षरी तारखा स्वतःच वाचून घेतो, म्हणून काही ओळी चालतात आणि काहींत `#VALUE!` येतं, आणि आपण फॉर्म्युल्याला दोष देत बसतो.

दुसरी आणि जास्त वाईट म्हणजे दिवस महिना उलटा होणे. कॉम्प्युटरची सेटिंग अमेरिकन असेल तर 05/09/2026 हे ५ सप्टेंबर न राहता ९ मे होतं. एरर नाही, काही नाही, मस्तपैकी मे महिन्याचा पहिला सोमवार छापून येतो. १२ च्या पुढचे दिवस असलेल्या तारखा, जसं 18/09/2026, उलट्या होऊच शकत नाहीत म्हणून त्या अक्षर बनून डावीकडे राहतात. त्यामुळे एकाच कॉलममध्ये काही तारखा डावीकडे आणि काही उजवीकडे दिसल्या की नव्वद टक्के हाच आजार, आणि उजवीकडच्या दिसायला बऱ्या असल्या तरी त्याच चुकीच्या. मी तर A कॉलमचं फॉरमॅट `dd-mmm-yyyy` करून टाकतो, महिन्याचं नाव अक्षरात दिसलं की डोळ्याला लगेच कळतं.

तिसरी, A2 मध्ये तारखेसोबत वेळ असणे, अर्ज कधी आला त्याची नोंद वगैरे. वर B2 मध्ये जो INT लावलाय तो त्यासाठीच. तो काढला तर उत्तर दिसायला ७ सप्टेंबरच दिसतं पण आत दुपारचे साडेतीन चिकटलेले असतात, मग दुसऱ्या यादीशी VLOOKUP ने जुळवायला गेलात की मिळत नाही. आणि C2 ला तारखेऐवजी 46272 असा आकडा दिसला तर घाबरू नका, ती ७ सप्टेंबर २०२६ च आहे, सेलचं फॉरमॅट तारखेचं करा. रिकाम्या ओळीत 02-01-1900 दिसायला लागलं तर A2 रिकामा आहे, दोन्ही कॉलमला `IF(A2="","",…)` गुंडाळा.

रिमाइंडरचा ईमेल लिनक्स सर्व्हरवरून जात असेल तर तिथे एक जुना खड्डा आहे, तो आधीच सांगून ठेवतो. क्रॉनमध्ये पहिला सोमवार म्हणून लोक `0 9 1-7 * 1` लिहितात, वाचायला अगदी बरोबर वाटतं, १ ते ७ तारीख आणि सोमवार. पण क्रॉनला तारीख आणि वार दोन्ही दिले की तो "आणि" न धरता "किंवा" धरतो. म्हणजे १ ते ७ रोज सकाळी नऊला मेल जाणार आणि शिवाय महिन्यातल्या प्रत्येक सोमवारी. वार क्रॉनला न देता कमांडमध्ये तपासायचा, `%` च्या आधी उलटी तिरकी रेघ विसरायची नाही, आणि `/home/user/mail.sh` च्या जागी तुमची स्क्रिप्ट:

```
0 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /home/user/mail.sh
```

शीट लोकांच्या हातात द्यायच्या आधी एकदा तपासा. A कॉलममध्ये कुठल्याही एका वर्षाचे बारा महिने टाका, काहींची १ तारीख, काहींची शेवटची, काहींची मधलीच. बाराच का, तर कुठल्याही वर्षात सातही वारांनी सुरू होणारा किमान एक तरी महिना असतोच, त्यामुळे बारा ओळींत सगळे प्रकार येऊन जातात. मग D2 मध्ये हे टाकून खाली ओढा:

```
=AND(WEEKDAY(C2,2)=1,DAY(C2)<=7,MONTH(C2)=MONTH(A2))
```

बाराच्या बारा ओळींत TRUE यायला हवं. तिसऱ्या सोमवारसाठी मधली अट `DAY(C2)>=15,DAY(C2)<=21` करा. तुमचा जुना फॉर्म्युला याच्यावर चालवून बघा, २०२६ च्या यादीत जूनच्या ओळीत FALSE येईल आणि २०२७ च्या यादीत तीन ठिकाणी.